खसखशीची खीर आणि ड्रग टेस्ट: पुन्हा पुन्हा पॉझिटिव्ह येत असेल तर नेमकं कुठे बघायचं

तक्रार साधारण अशी असते. नोकरीआधीची किंवा जहाजावर चढण्याआधीची वैद्यकीय तपासणी झाली, लघवीच्या पट्टीवर अफूजन्य पदार्थांच्या रकान्यात पॉझिटिव्ह आलं. माणूस म्हणतो, मी सिगारेटसुद्धा ओढत नाही. दोनतीन दिवसांनी परत नमुना दिला, परत पॉझिटिव्ह. दुसऱ्या लॅबमध्ये गेला, तिथेही तेच. मग घरात रडारड, कंपनीकडून फोन, आणि कुणीतरी सुचवतं की किट खराब असेल.

किट बहुतेक वेळा खराब नसतं. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. दिवाळीच्या आसपास आणि लग्नसराईत अशी एखादी केस येतेच. पट्टी म्हणते लघवीत मॉर्फिन आहे, आणि ते खरंच असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर, म्हणजे ‘मॉर्फिन आहे, म्हणजे याने नशा केली’ या निष्कर्षात. म्हणून नवीन किट आणून, नवीन लॅब शोधून काही बदलत नाही. जोवर मॉर्फिन पोटात जातंय तोवर प्रत्येक चांगलं किट ते दाखवणारच.

खसखशीत मॉर्फिन येतं कुठून

खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, हे आपल्याला माहीत असतं, पण त्यावर फारसा विचार कुणी करत नाही. अफूच्या हिरव्या बोंडाच्या सालीत चिकाच्या बारीक नळ्या असतात. मॉर्फिन, कोडीन, थेबेन, पॅपाव्हरिन, नॉस्कापिन ही सगळी द्रव्यं त्या चिकात असतात. बी बोंडाच्या आत असतं आणि त्याच्या स्वतःच्या गरात या द्रव्यांचा जवळजवळ पत्ता नसतो. म्हणजे दाणा मुळात स्वच्छ असतो, तो बाहेरून माखतो.

आपल्याकडे मध्य प्रदेशात मंदसौर, नीमच, रतलाम भागात, राजस्थानात चित्तोडगड, प्रतापगड भागात आणि उत्तर प्रदेशात काही ठिकाणी सरकारी परवान्याने अफू पिकते. बोंडाला उभ्या चिरा देतात, चीक रात्रभर पाझरून घट्ट होतो, सकाळी खरवडून घेतात. मग बोंड वाळवतात, फोडतात आणि खसखस झाडून काढतात. वाळक्या सालीत उरलेला चीक आता भुकटी झालेला असतो. बोंड फुटताना ती भुकटी दाण्यावर बसते, सालीचे तुकडे मालात मिसळतात. तुर्कस्तानात चिरा न देता अख्खं बोंड वाळवतात आणि मॉर्फिन नंतर कारखान्यात सालीतून काढतात. तिथे साल फोडली जाते तेव्हा सगळं मॉर्फिन अजून सालीतच असतं. त्यामुळे मळणी आणि सफाई कशी झाली यावर बरंच अवलंबून राहतं. वाण, हवामान, किडीने पोखरलेली बोंडं, पाऊस कधी पडला, अशा गोष्टींनीही फरक पडतो.

याचा परिणाम असा की एका किलो खसखशीत एक मिलिग्रॅमपेक्षा कमी मॉर्फिन सापडू शकतं आणि काही मालात शंभराच्याही वर जाऊ शकतं. रंगावरून, वासावरून किंवा भावावरून यातलं काही ओळखता येत नाही. रविवार पेठेतल्या एकाच दुकानातून गेल्या महिन्यात आणलेली पुडी आणि आज आणलेली पुडी यांत दहापट फरक असू शकतो, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नसतो. युरोपीय संघाने २०२२ च्या जुलैपासून अख्ख्या खसखशीसाठी किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा लावली आहे. ती मॉर्फिन आणि कोडीनचा पाचवा भाग मिळून मोजतात. हा २० चा आकडा खाली हिशोबाला लागेल.

कायद्याची भीती वाटत असेल तर एवढं सांगतो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात अफूच्या झाडाच्या वाळक्या भागांची जी व्याख्या आहे, तिच्यात ‘बिया वगळून’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. घरात खसखस ठेवणं, खाणं हा गुन्हा नाही.

एक केस, आकड्यांसकट

ही केस दोनतीन माणसांची मिळून बांधली आहे आणि हिशोब नीट दिसावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

सिंहगड रोडला राहणारा मर्चंट नेव्हीतला मुलगा, वजन सत्तर किलो. रजा संपत आलेली, जहाजावर रुजू व्हायची तपासणी. सकाळी नऊला नमुना दिला, ‘एमओपी’ लिहिलेल्या, म्हणजे मॉर्फिनच्या रकान्यात पॉझिटिव्ह. तीन दिवसांनी परत दिला, परत पॉझिटिव्ह. तिसऱ्यांदा आमच्याकडे आला, सोबत आई.

औषधांची यादी विचारली. खोकल्याचं काही नाही, वेदनाशामक नाही. मग मी विचारलं, “रात्री झोपताना काय घेतोस?” तो म्हणाला, काही नाही. आई म्हणाल्या, “अहो, खीर घेतो ना! जहाजावर पाळ्या बदलून बदलून याची झोप पार उडाली आहे, म्हणून मी रोज खसखशीची खीर देते.” मी म्हटलं, “काकू, किती खसखस घालता?” त्यांनी हाताने वाटी दाखवली. मोजली तर एका वेळची साधारण २५ ग्रॅम भरली.

आता हिशोब. खसखस युरोपच्या मर्यादेइतकी, म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमची धरली, तर २५ ग्रॅममध्ये अर्धा मिलिग्रॅम मॉर्फिन झालं. तोंडावाटे दिलेली मॉर्फिनची गोळी दहा मिलिग्रॅमची असते, म्हणून नशेचा किंवा उपचाराचा प्रश्नच येत नाही. पण पट्टी नशा मोजत नाही, ती नॅनोग्रॅममध्ये बोलते. पोटात गेलेलं मॉर्फिन यकृतात दुसऱ्या एका रेणूला जोडलं जातं आणि बरंचसं चोवीस तासांत लघवीवाटे बाहेर पडतं. समजा सत्तर टक्के बाहेर आलं, तर ३५० मायक्रोग्रॅम. दिवसाची लघवी दीड लिटर धरली तर सरासरी मिलिलिटरमागे सुमारे २३० नॅनोग्रॅम.

पण ही सरासरी झाली. खीर रात्री दहाला खाल्ली आणि रात्रभर पाणी प्यायला नाही, तर सकाळची लघवी घट्ट असते आणि मॉर्फिनचा मोठा भाग त्याच पहिल्या काही तासांत उतरतो. त्यामुळे सकाळच्या नमुन्यात सरासरीच्या दुपटीतिपटीने आकडा येणं अगदी शक्य आहे. त्या मुलाच्या पट्टीची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमची होती. पुडी थोडी जास्त मॉर्फिनची निघाली, किलोला शंभर मिलिग्रॅमची, तर सरासरीच ११०० च्या वर जाते आणि सकाळचा नमुना २००० लाही ओलांडू शकतो.

तो दुसऱ्यांदा पॉझिटिव्ह का आला, हे आता उघड आहे. पहिल्या निकालाने तो घाबरला, झोप आणखी उडाली, म्हणून आईने खीर चालूच ठेवली. नव्हे, थोडी वाढवली.

आधी पट्टी नीट वाचा

ही पायरी लोक गाळतात. या पट्ट्यांवर दोन रेघा असतात, एक नियंत्रणाची आणि एक चाचणीची. गर्भधारणेच्या चाचणीच्या उलट इथे चाचणीची रेघ दिसली नाही तर निकाल पॉझिटिव्ह. रेघ अगदी पुसट दिसली तरी निकाल निगेटिव्हच धरायचा असतो. पुसट रेघेला ‘थोडं पॉझिटिव्ह’ म्हणून लिहून दिलेला रिपोर्ट मी पाहिला आहे. नियंत्रणाची रेघ नसेल तर पट्टी बाद, नवीन घ्यायची.

मग मर्यादा बघा. बाजारात अफूजन्य पदार्थांसाठी दोन तऱ्हेच्या पट्ट्या सर्रास मिळतात, ३०० ची आणि २००० ची. अमेरिकेच्या केंद्र सरकारने नोकरीच्या चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २००० वर नेली. तिथल्या बेकरीतले खसखस लावलेले पाव आणि केक खाल्लेले लोक ३०० वर फार अडकत होते, हे त्यामागचं मोठं कारण होतं. आपल्याकडे लहान दवाखान्यांत ३०० ची पट्टी अजून चालते, आणि रिपोर्टवर मर्यादा लिहिलेलीच नसते. ती लिहून मागा. कुठल्या मर्यादेवर पॉझिटिव्ह आलं हे माहीत नसेल तर पुढचा वाद आंधळा होतो.

शेजारचे रकानेही पाहून घ्या. गांजाचा, बेंझोडायझेपिनचा किंवा कोकेनचा रकाना पॉझिटिव्ह असेल तर त्याच्याशी खसखशीचा काही संबंध नाही. ट्रॅमाडॉलचाही नाही.

पट्टीवर थांबू नका

पट्टी ही चाळणी चाचणी आहे. ती अँटिबॉडीवर चालते आणि मॉर्फिनसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच रेणूंना पकडते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिला पकडता येतं. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसारख्या काही अँटिबायोटिकांनीही काही किटवर खोटा पॉझिटिव्ह आलेला आहे. म्हणून ‘पक्की चाचणी’ मागायची, म्हणजे मास स्पेक्ट्रोमेट्रीवर प्रत्येक द्रव्य वेगळं मोजणारी. लहान लॅब हा नमुना मोठ्या लॅबकडे पाठवते, चारपाच दिवस लागू शकतात, पैसे जास्त जातात. नोकरी जाण्यापेक्षा स्वस्त पडतं.

ही चाचणी त्याच नमुन्याची व्हायला हवी. पॉझिटिव्ह दिसल्या दिसल्या सांगा: नमुना फेकू नका, सील करून फ्रीजमध्ये ठेवा. नंतर दिलेला नमुना हा दुसऱ्या दिवसाचा पुरावा असतो, त्याने पहिल्या दिवसाचं काही ठरत नाही. आमच्या त्या मुलाचे पहिले दोन्ही नमुने गटारात गेले होते, म्हणून तिसऱ्यावर काम करावं लागलं.

त्याचा पक्का रिपोर्ट आला तो असा: मॉर्फिन ६४०, कोडीन ७०, थेबेन सापडलं, ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन सापडलं नाही. हा रिपोर्ट वाचायचा कसा ते जरा सावकाश सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन हा हेरॉइनचाच अवशेष. खसखशीतून तो येऊ शकत नाही. तो सापडला तर खसखशीची गोष्ट तिथेच संपली. पण तो नाही सापडला म्हणून माणूस सुटला असंही नाही, कारण हा अवशेष एका दिवसाच्या आत नाहीसा होतो आणि मॉर्फिन मागे उरतं.

कोडीनचं प्रमाण मॉर्फिनच्या तुलनेत बघायचं. खसखशीत सहसा मॉर्फिन जास्त आणि कोडीन कमी असतं. इथे ते नवास एक आहे, जुळतं. कोडीन मॉर्फिनपेक्षा जास्त असतं तर मी परत खोकल्याच्या बाटलीकडे गेलो असतो. शरीर थोड्या कोडीनचं मॉर्फिन करतं, म्हणून औषध घेऊन वेळ गेला की हे गणित बदलतं आणि एकट्या गुणोत्तरावर विसंबता येत नाही.

थेबेन अफूच्या चिकात असतं. सापडलं तर अफूच्या झाडाचं काहीतरी पोटात गेलं आहे हे दिसतं, आणि शुद्ध मॉर्फिनच्या गोळीची शक्यता मागे पडते. पण कच्ची अफू खाणाऱ्याच्या लघवीतही ते असणारच. म्हणून थेबेन हा खसखशीच्या बाजूचा साक्षीदार आहे, निकाल देणारा न्यायाधीश नाही.

राहिला आकडा. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांत मॉर्फिन किंवा कोडीन १५,००० च्या वर गेलं तर खसखस खाल्ल्याचं कारण ऐकून घेत नाहीत. त्याखाली असेल आणि हेरॉइनचा अवशेष नसेल, तर गैरवापराची वैद्यकीय लक्षणं दिसल्याशिवाय पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. आपल्या इथल्या कंपनीला हा नियम बांधील नाही, पण तिच्या डॉक्टरसमोर ठेवायला चांगला आहे. आपला ६४० त्याच्या कितीतरी खाली आहे.

खरा उलगडा: बंद करून तपासणे

कागदावरचं हे सगळं ‘जुळतं’ एवढंच सांगतं. कंपनीच्या डॉक्टरला पटतं ते पुढच्या पायरीने. खसखस पूर्ण बंद करायची, पूर्ण बहात्तर तास, आणि मग देखरेखीखाली नमुना द्यायचा. खाण्यातलं मॉर्फिन साधारण दोन दिवसांत लघवीतून उतरतं, तिसरा दिवस सावधगिरीचा.

‘पूर्ण बंद’ हे म्हणायला सोपं आहे. आई खीर थांबवतात, पण खसखस घरात दहा ठिकाणी असते. करंजीच्या सारणात, अनारशाच्या तोंडावर, डिंकाच्या लाडवात, उकडीच्या मोदकात, पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात, थंडाईत, आणि कुठल्याशा काळ्या मसाल्यात. यातल्या सगळ्यांचा धोका सारखा नाही. चार अनारशांवर मिळून जेमतेम पाचसहा ग्रॅम खसखस असेल. स्वच्छ मालाची असेल तर ३०० ची पट्टीसुद्धा बहुधा हलणार नाही, चढ्या मालाची असेल तर हलेल. खीर आणि वाटणं यांत मात्र खसखस मुठीने पडते. बहात्तर तास साधं वरणभात, पोळीभाजी खाल्ली की वाद संपतो.

या दिवसांत एक वेगळीच चूक होते. माणूस ‘धुऊन काढायला’ चारपाच लिटर पाणी पिऊन येतो. लॅब क्रिएटिनिन आणि विशिष्ट गुरुत्व बघते, लघवी पातळ निघते, आणि रिपोर्टवर ‘विरळ नमुना’ असा शेरा पडतो. निर्दोष माणूस उगाच संशयित दिसायला लागतो. नेहमीइतकंच पाणी प्या.

आमच्या मुलाने चौथ्या दिवशी नमुना दिला. क्रिएटिनिन ठीक, त्याच ३०० च्या पट्टीवर स्पष्ट रेघ, निगेटिव्ह. पक्का रिपोर्ट, खाण्याची लेखी नोंद आणि हा निकाल, असे तीन कागद त्याने कंपनीच्या डॉक्टरकडे दिले.

बंद केल्यावर आठवड्याभरानेही पॉझिटिव्ह येत असेल तर खसखशीचं नाव घेऊ नका. एक तर खाणं बंद झालेलं नाही, नाहीतर कारण दुसरं आहे. मी हे घरच्यांसमोर बोलत नाही, त्या माणसाला एकट्याला बाजूला घेऊन विचारतो.

खायचीच असेल तर

तपासणी नजीक नसेल तर खसखस सोडायची गरज नाही. पण धुऊन घ्या. चीक दाण्याच्या बाहेर बसलेला असतो आणि त्यातली द्रव्यं क्षारांच्या रूपात असल्याने पाण्यात उतरतात. म्हणून गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, हलवून, मलमलच्या फडक्यात गाळून ते पाणी फेकायचं आणि आणखी दोनदा धुवायचं. बरंच मॉर्फिन यात जातं, सगळं जाईल याची हमी नाही. आपल्या घरी नेमकं उलटं होतं. खसखस भिजत घालतात आणि सत्त्व जाऊ नये म्हणून त्याच पाण्यासकट वाटतात. दुधात उकळून मॉर्फिन फारसं मोडत नाही. तेव्हा न धुता केलेल्या खिरीत जवळजवळ सगळंच वाटीत उतरतं.

लहान मुलाला ‘शांत झोपावं’ म्हणून ही खीर देतात, ते मला अजिबात पसंत नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने एका वेळची सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. पंधरा किलोच्या मुलासाठी ती १५० मायक्रोग्रॅम झाली. २० मिलिग्रॅमवाल्या खसखशीचे साडेसात ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे, तिथेच ती भरते. न धुतलेल्या खसखशीचं पाणी किंवा काढा पिणं तर मोठ्यांनीही करू नये. त्यात सगळ्या दाण्यांवरचं मॉर्फिन एकत्र येतं आणि परदेशात अशा काढ्याने माणसं दगावली आहेत.

चाचणी कधीही होऊ शकते अशी नोकरी असेल, म्हणजे जहाज, विमान, सैन्य, कंपनीची अवजड गाडी, तर धुण्याच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या सैनिकांना खसखशीचे पदार्थ टाळायलाच सांगितलं. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनीही तेच करावं, कारण स्पर्धेच्या काळात मॉर्फिन बंदीच्या यादीत आहे आणि तिथे मर्यादा मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमची आहे.

आणि दुबईला किंवा सिंगापूरला मुलाकडे फराळ पाठवत असाल तर डबा भरताना खसखशीची पुडी काढून ठेवा, अनारसेही ठेवून घ्या. तिथे खसखस बाळगणंच बेकायदा आहे, पट्टीपर्यंत गोष्ट जातही नाही.